दुसऱ्या भागातलं श्रीखंड, आठव्या भागातला खुनी: थरारमालिकेत पेरणी करताना या चुका टाळा

आमच्या श्राव्य मालिकेचा आठवा भाग पहिल्यांदा सहा जणांना बसवून ऐकवला. खुनी कोण ते कळल्यावर खोली गार पडेल अशी आमची खात्री होती. त्याऐवजी कोपऱ्यातून आवाज आला, “असं कसं? श्रीखंड तर कुणालाही तोंडपाठ असतं!”

बोलणाऱ्या आमच्या नात्यातल्या मावशी. पंचाहत्तरीच्या, रामबागेत राहणाऱ्या. त्यांच्या त्या एका वाक्यानं आमची कलाटणी आडवी झाली. दोष आठव्या भागात नव्हता, दुसऱ्या भागात होता. थरारमालिकेत बहुतेक वेळा असंच होतं. ट्विस्ट पडला की लोक ट्विस्टची जागा दुरुस्त करायला बसतात. संवाद बदलतात, संगीत वाढवतात. बिघाड मात्र पाचसहा भाग मागे असतो, जिथे बी पेरायचं होतं आणि पेरलं नाही, किंवा इतकं वर पेरलं की चिमण्यांनी टिपून नेलं.

आम्ही तिघं इंदूरचे. मालिका आपल्या मराठीत, दर आठवड्याला एक भाग, असे दहा भाग, प्रत्येक बावीस मिनिटांचा. जवळजवळ सगळ्या चुका आम्ही स्वतः करून पाहिल्या आहेत, म्हणून आमचीच गोष्ट घेऊन सांगतो. गुपित फुटेल, फुटू दे.

आधी गोष्ट

साल १९९१. राजवाड्याजवळचा जुना वाडा, खाली दोन दुकानं. आदल्या वर्षीच्या रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघताना बाळू नावाचा मधल्या वयाचा माणूस तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून पडून गेला. खाली ढोल, टँकरमधून उडणारं रंगीत पाणी, हजारोंची गर्दी. पाय घसरला, असं सगळ्यांनी धरलं. आता वर्षश्राद्ध झाल्यावर त्याची मुलगी मंजू काही दिवस वाड्यात राहते. वाड्यात तिचे अण्णाकाका आहेत, बाळूचे थोरले भाऊ, वय बासष्ट. मंजूला कळतं की मरण्याच्या आठवडाभर आधी बाबांना होळकरांच्या काळातला, मोडी लिपीतला एक कागद सापडला होता आणि तो आता नाहीसा झालाय. पुढे निघतं की ते वाटणीपत्र होतं, आणि त्यात दुकानांसकट पुढचा भाग बाळूच्या वाट्याला होता.

अण्णाकाका इन्स्पेक्टरला चौथ्या भागात सांगतात, “मोडी आमच्या घरात आईपर्यंत. मला त्यातला म की ट कळत नाही. कागदात काय होतं ते बाळूलाच माहीत.” कागद वाचता येत नाही, म्हणजे हेतूच उरत नाही. संशय दुकानाच्या भाडेकरूकडे जातो.

कलाटणी आठव्या भागाच्या शेवटी. आजी गेल्यापासून तिची पाककृतींची वही फडताळात पडून आहे. मंजू ती पहिल्यांदा स्वतःच्या हातात घेते आणि तिला एक अक्षर लागत नाही. वही सगळी मोडीत आहे. आणि याच वहीतून अण्णाकाकांनी दुसऱ्या भागात तिला श्रीखंडाचं प्रमाण वाचून दाखवलं होतं.

चूक पहिली: खुनी उशिरा ठरवणं

खरं सांगतो, सुरुवातीला खुनी काका नव्हते, भाडेकरू होता. सहा भाग लिहून झाल्यावर आमच्यातला एक म्हणाला, भाडेकरू हे सगळे ओळखतील, काकांना खुनी करू. काकांवर कुणाचाच संशय नाही म्हणून ते भारी वाटले. पण त्यांच्यावर संशय नव्हता, कारण आम्ही त्यांच्याविषयी काही लिहिलंच नव्हतं. कोऱ्या कागदावर कुणालाच संशय येत नाही. त्यात लेखकाचं कसब कुठलं?

हा बिघाड ओळखायची एक साधी रीत आहे. कलाटणीनंतरचा भाग छापून घ्या आणि जे जे वाक्य ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच कळतंय त्याखाली लाल रेघ मारा. आमच्या नवव्या भागात काका कबुलीजबाब देताना अकरा नव्या गोष्टी सांगत होते: ते मोडी कुठे शिकले, कागद कधी पाहिला, सज्जाचा कठडा कधीपासून सैल होता, वगैरे. अकरा लाल रेघा म्हणजे ती कलाटणी नाही, निवेदन आहे. ऐकणारा बिचारा न्यायालयात बसल्यासारखा ऐकत राहतो.

मग त्या अकरा वाक्यांपैकी एकेक उचलून मागे न्यायचं. हे मागे कुणाच्या तोंडून, कोणत्या निमित्तानं येऊन गेलं असतं? कठडा दुसऱ्या भागात गेला. मंजू तिथे ओला टॉवेल टाकते आणि काका ओरडतात, “तिथे नको, हलतंय ते.” काळजीचं वाक्य आहे, आणि कठड्याची अवस्था त्यांना माहीत होती हेही त्यात आहे. असं करत करत नवव्या भागात तीन लाल रेघा उरल्या. तेवढ्या चालतात. सगळंच आधी पेरलं तर कबुलीजबाबाला काही कामच उरत नाही.

चूक दुसरी: धागा धागा म्हणूनच लिहिणं

धागा म्हणजे कलाटणीसाठी आधी पेरून ठेवलेली खूण. या चुकीवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त मालिका इथेच फसतात.

श्रीखंडाच्या प्रसंगाचा आमचा पहिला खर्डा असा होता:

अण्णाकाका: ही आईची जुनी वही. किती वर्षांनी उघडतोय! (संगीत थांबतं. कागदाची सळसळ.) चक्का सव्वा शेर...
मंजू: काका, तुम्हाला हे अक्षर कसं लागतं?
अण्णाकाका: (दचकून) अं? सवयीनं गं.

यात चार ठिकाणी आम्ही ऐकणाऱ्याच्या बरगडीत कोपर मारलंय. संगीत थांबवलं. वही ‘जुनी’ असल्याचं मुद्दाम सांगितलं. मंजूला नेमका तोच प्रश्न विचारायला लावला. आणि काका दचकले. थ्रिलर ऐकणारा माणूस आधीच कान टवकारून बसलेला असतो. संगीत थांबलं की तो मनात गाठ मारतो: वही, लक्षात ठेवा. मग सहा आठवडे तो आपल्या मागे नाही, पुढे चालतो.

चेखॉव्हनं १८८९च्या एका पत्रात लिहिलं होतं की कुणी झाडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. लेखनाच्या प्रत्येक शिबिरात हे सांगतात. ते नाटकात फापटपसारा नको म्हणून आहे आणि बरोबरच आहे. पण थरारमालिकेत तेवढ्यानं भागत नाही. प्रेक्षकानंही ते ऐकलेलं असतं, त्यामुळे भिंतीवर बंदूक दिसली की तो झाडायची वाट बघतो. आपल्याला बंदूक टांगायचीच असते, पण तिच्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातलेला पाहिजे.

म्हणजे काय, तर धाग्याला त्या प्रसंगात दुसरं, खरंखुरं काम द्यायचं. ते काम इतकं पुरेसं असावं की कलाटणी आलीच नसती तरी तो प्रसंग तिथे शोभला असता. आम्ही प्रसंग पाडव्यावर नेला. बाळू गेल्यावर वर्षभर वाड्यात सण झाला नाही, गोडाधोडाचं शिजलं नाही. वर्षश्राद्धानंतर रंगपंचमीपासून दहाअकरा दिवसांनी पाडवा येतो. वर्षातलं पहिलं श्रीखंड. मंजूचं मन नाही, काका आग्रह करतात. आता प्रसंगाचा विषय वही उरला नाही. बाप गेलेल्या पोरीनं चार घास गोड खावेत, हा झाला:

अण्णाकाका: थांब, आईच्या वहीत असेल. ...हां. चक्का सव्वा शेर. साखर एक शेर. केशर दुधात खलून. जायफळ, पाव सुपारी... सुपारी? श्रीखंडात सुपारी कशाला घालेल आई?
मंजू: (हसू फुटतं) काका!
अण्णाकाका: हां हां. पाव सुपारीएवढं जायफळ. चष्मा बदलायला झालाय.

वर्षभरात ती पहिल्यांदा हसते. ऐकणाऱ्याचं लक्ष त्या हसण्यावर जातं, जायला हवंच. पण ‘सुपारी’ची चूक उगाच घातलेली नाही. मोडीत शिरोरेघ आधी सलग ओढतात आणि शब्द सुटे लिहीत नाहीत. एक शब्द कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला ते वाचणाऱ्यानं अंदाजानं तोडायचं असतं. सराव सुटलेला माणूस नेमका असाच अडखळतो. पहिल्यांदा ऐकताना हा विनोद आहे आणि दुसऱ्यांदा ऐकताना पुरावा.

ऐकायच्या मालिकेत आमचं एक बरं होतं, वहीचं पान कुणाला दिसतच नाही. चित्रात हाच प्रसंग करायचा असेल तर कॅमेरा वहीच्या पाठीमागून, काकांच्या चेहऱ्यावर ठेवावा लागेल, आणि तो तसाच ठेवायला प्रसंगात कारण लागेल. पान लपवण्यासाठी कॅमेरा वाकडातिकडा फिरला की संपलं.

चूक तिसरी: सगळा धागा एकाच जागी ठेवणं

‘काकांना मोडी येते’ हा निष्कर्ष आहे. तो दोन साध्या माहितींतून बनतो: काकांनी वही वाचली, आणि वही मोडीत होती. या दोन्ही एकाच भागात आल्या की निष्कर्ष ऐकणाऱ्याच्या तोंडात आयता पडतो. त्या वेगळ्या केल्या तर दोन्ही निरुपद्रवी राहतात. पहिला अर्धा दुसऱ्या भागात, दुसरा अर्धा पाचव्यात, तोही वेगळ्याच माणसाच्या तोंडून आणि वेगळ्याच निमित्तानं.

पाचव्या भागात शेजारच्या कमलमावशी सासूसुनांच्या गप्पा सांगत बसल्यात:

कमलमावशी: तुझी आजी पाकिटावर पत्तासुद्धा मोडीतच लिहायची गं. नवा पोस्टमन पाकीट घेऊन पुन्हा दारात. म्हणे, “माँजी, ये जलेबी किसके नाम है?” आणि ही म्हणायची, “माझ्या हाताला दुसरं वळणच नाही, तूच शीक!”

इंदूरच्या माणसाला मोडी जिलेबीसारखी दिसणारच. सगळे हसतात आणि पुढे जातात. ‘हाताला दुसरं वळणच नाही’ हे वाक्य मात्र त्या प्रसंगाचं खरं काम करतं. आजी फक्त मोडीच लिहायची, म्हणजे वहीही मोडीतच असणार. वहीचा उल्लेख इथे चुकूनही येऊ द्यायचा नाही. आमच्या खर्ड्यात आला होता, “पत्ते काय, पाककृती काय, सगळं मोडीत!” ‘पाककृती’ हा एक शब्द काढायला आम्ही संध्याकाळभर भांडलो. ज्यानं लिहिला होता त्याचं म्हणणं, एवढं तरी नको का? त्याला वाटत होतं की ऐकणाऱ्याला जोडता येणार नाही. माझा अनुभव उलटा आहे. थ्रिलर ऐकणारा जोडायलाच बसलेला असतो. दोन तुकड्यांमधली दरी त्याला स्वतः ओलांडू द्यावी, आपण फक्त दोन काठ बांधावेत.

मधलं अंतर किती, याला नियम नाही. पण दोन अर्धे पाठोपाठच्या भागांत नसावेत, आणि दुसरा अर्धा कलाटणीच्या अगदी आधीच्या भागातही नसावा. सातव्या भागात पोस्टमनचा विनोद आला असता तर आठव्यात तो ताजा असता आणि मंजूच्या आधी ऐकणाऱ्यानं वही उघडली असती.

चूक चौथी: पळवाटा न बुजवणं

आता सुरुवातीच्या, रामबागेतल्या मावशींकडे येऊ. त्यांना सगळे दुवे लागले होते: वही, मोडी, काका. तरी त्यांना पटलं नाही, कारण त्यांच्या मते काकांनी वाचलंच नाही. आईच्या हातचं श्रीखंड पन्नास वर्षं खाल्लेला माणूस नुसती वही समोर धरून पाठ म्हणाला असेल. आम्ही म्हणालो, पण सुपारीला अडखळले की! मावशी म्हणाल्या, “म्हातारा माणूस बोलताबोलता अडखळत नाही?”

बरोबर होतं त्यांचं. धागा लपवण्याच्या नादात आम्ही तो सिद्ध करायला विसरलो होतो. चांगल्या पेरणीला दोन्ही बाजूंनी उभं राहता यायला हवं. कलाटणीआधी तिचा साधा अर्थ लागावा आणि कलाटणीनंतर साधा अर्थ लावताच येऊ नये. आमचा धागा दुसऱ्या परीक्षेत नापास झाला.

उपाय शोधायला दोन दिवस गेले. काकांनी अशी एक गोष्ट वाचायला हवी होती जी त्यांना आठवणं शक्यच नव्हतं. सुपारीच्या विनोदानंतर हे आलं:

अण्णाकाका: आणि हे काय कडेला... (थांबतात) “बाळूची वाटी आधी काढून ठेवणे. वेलदोडा त्यास चालत नाही.” ...मला ठाऊकच नव्हतं गं हे. मी आपला चिडायचो, याचीच वाटी वेगळी का म्हणून.

आता मंजू रडते, आणि ऐकणाराही जरा हलतो. आजीनं बाळूसाठी वाटी वेगळी काढायची असं लिहून ठेवलंय, आणि ते वाचणारा बाळूचा थोरला भाऊ आहे. ‘मला ठाऊकच नव्हतं’ या शब्दांनी तोंडपाठ असल्याची पळवाट बंद होते. नवव्या भागात एक निवृत्त शिक्षक मंजूला वही वाचून दाखवतात तेव्हा कडेचं तेच वाक्य निघतं. आणखी एक फायदा झाला, तो आम्ही ठरवलाही नव्हता. लहानपणापासूनचा ‘याचीच वाटी वेगळी’ हा सल आणि वाटणीपत्रातला बाळूचा पुढचा भाग एकमेकांना जाऊन मिळाले. खुनाचा हेतू श्रीखंडाच्या वाटीत होता.

पळवाटा शोधायला आपली माणसं कामाची नसतात, ती आपल्या बाजूनं विचार करतात. वाद घालणारा एखादा माणूस हवा, आणि त्याला विचारायचं की तुम्ही काकांचे वकील असता तर काय म्हटलं असतं? “अंदाज आला होता का?” असं कुणाला विचारू नका. लोक हो म्हणतात, आलेला नसला तरी.

चूक पाचवी: पेरणीऐवजी फसवणूक

तिसऱ्या भागात काका रात्री एकटेच बाळूच्या फोटोसमोर उभे आहेत. पहिल्या खर्ड्यात ते म्हणत होते, “बाळू, कुणी रे केलं हे?” ऐकणारा हमखास फसला असता. आणि आठव्या भागानंतर त्यानं आम्हाला शिव्या दिल्या असत्या. खोलीत दुसरं कुणी नाही, मग काका खोटं कुणाशी बोलतायत? ते आमच्याशी, म्हणजे ऐकणाऱ्याशी खोटं बोलतायत. पात्रानं पात्राशी हवं तेवढं खोटं बोलावं. इन्स्पेक्टरला ते “म की ट कळत नाही” म्हणाले ते चालतं, कारण खुनी पोलिसांना फसवणारच. एकटं असताना मात्र त्याच्या तोंडचं वाक्य दोन्ही अर्थांनी खरं असलं पाहिजे.

आता काका म्हणतात, “बाळू, तुझी पोर आलीये रे. सगळं विचारते. काय सांगू तिला?” पहिल्यांदा ऐकताना ही माया वाटते आणि नंतर तेच भय ठरतं. एक शब्द बदलावा लागत नाही.

याचा सर्वांत धीट नमुना जुना आहे, तेव्हा गुपित फोडायला हरकत नसावी. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी आहे. तो लिहितो की नऊला वीस मिनिटं असताना पत्रं आत आली आणि नऊला दहा मिनिटं असताना मी निघालो. दोन्ही वेळा खऱ्या आहेत. मधल्या दहा मिनिटांत काय झालं ते मात्र तो सांगत नाही, आणि शेवटी ते वाक्य कसं साधलं म्हणून स्वतःच खूश होतो. तो खोटं बोलला नाही, त्यानं गाळलं. ही कादंबरी त्याआधी वर्तमानपत्रात क्रमशः आली होती, म्हणजे लोकांनी तीही तुकड्यातुकड्यांनीच वाचली.

भाडेकरूचंही इथेच सांगून टाकतो. खोट्या संशयितानं जे लपवलं त्याचं स्वतःचं उत्तर असलं पाहिजे. आमचा भाडेकरू रंगपंचमीच्या दुपारी कुठे होता ते सांगत नाही, कारण तो सराफ्यात बायकोच्या बांगड्या गहाण टाकायला गेला होता. ते सहाव्या भागात कळतं आणि त्याचं प्रकरण मिटतं. उत्तर दिलं नसतं तर तो धागा लोंबकळत राहिला असता.

चूक सहावी: ‘मागील भागांत’ हा विभाग

हिचा विचार लिहिताना कुणीच करत नाही. दर भागाच्या सुरुवातीला चाळीस सेकंदांची उजळणी असते. आठव्या भागाची उजळणी आमच्या तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या मुलानं जोडली. मेहनती मुलगा. त्याला माहीत होतं की या भागात वही येणार, म्हणून त्यानं दुसऱ्या भागातलं “चक्का सव्वा शेर” उचलून लावलं. भाग सुरू व्हायच्या आधीच कलाटणी संपली! सहा आठवडे जुनं श्रीखंड अचानक आज का आठवलं, हे न कळायला ऐकणारा दुधखुळा नसतो.

पण उजळणी अजिबात नसावी असंही म्हणता येत नाही. दर आठवड्याला ऐकणाऱ्याच्या डोक्यातून सहा आठवड्यांत श्रीखंड निसटतं. एका रात्रीत दहाही भाग ऐकणाऱ्याला ते अजून तोंडात घोळतंय. दोघांसाठी एकच मालिका लिहायची आहे. आम्ही असं ठरवलं की पेरणी एका दमात ऐकणाऱ्यासाठी बारीक ठेवायची आणि थांबून ऐकणाऱ्याला आठवण आडवाटेनं द्यायची. सहाव्या भागात कमलमावशी बासुंदी पाठवतात आणि मंजू विचारते, “वेलदोडा नाही ना घातलात?” “का गं?” “बाबांना चालायचा नाही. आमच्याकडे तीच सवय पडली.” वहीचा शब्द नाही, मोडीचा नाही. पण वाटीचा प्रसंग मनात पुन्हा ओला होतो. आठव्या भागाच्या उजळणीत फक्त हरवलेला कागद आणि इन्स्पेक्टर ठेवले.

चूक सातवी: पेरलेलं कुठे आहे ते फक्त डोक्यात ठेवणं

दुसरा भाग सव्वीस मिनिटांचा झाला होता. चार मिनिटं कापायची होती. त्याच मुलानं काय कापलं असेल? सुपारी आणि कडेची टीप. “संथ वाटत होतं,” म्हणाला. भाग जाण्याच्या दोन दिवस आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. चूक त्याची नव्हतीच. पेरणी चांगली झाली असेल तर ती बाहेरच्या माणसाला कापण्याजोगीच दिसणार.

तेव्हापासून एक वही ठेवलीये (देवनागरीत). प्रत्येक धाग्याला एक पान. पहिला अर्धा कोणत्या भागात, कितव्या मिनिटाला, नेमकं वाक्य कोणतं. दुसरा अर्धा कुठे. मधली आठवण कुठे. कलाटणीत तो कसा उघडतो. खाली लाल अक्षरात, कापायचं नाही. आणि एक रकाना सगळ्यात उपयोगी ठरला: काय घडता कामा नये. श्रीखंडाच्या पानावर तिथे लिहिलंय, ‘आठव्या भागाआधी वही मंजूच्या हातात जाऊ नये, वहीच्या अक्षराबद्दल कुणी बोलू नये.’ हे लिहायच्या आधी आमच्यातल्याच एकानं तिसऱ्या भागात मंजू रात्री आजीची वही चाळत बसलेली दाखवली होती आणि तिच्याकडून पुरणपोळीची कृतीही वाचून घेतली होती. फार गोड प्रसंग होता. काढावा लागला.

दुरुस्त केलेले भाग दुसऱ्या पाच जणांना ऐकवले. सातव्या भागानंतर प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं, आत्तापर्यंतचा कोणता प्रसंग लक्षात राहिला? तिघांनी वाटीचा सांगितला, पण रडण्यासाठी म्हणून. वहीचं नाव एकानंही घेतलं नाही. आम्हाला नेमकं हेच हवं होतं. प्रसंग आठवला नसता तर बी फार खोल गेलं होतं, आणि वही आठवली असती तर फार वर राहिलं होतं.

राहिला एक प्रश्न: नटाला सांगायचं की नाही? आमचे अण्णाकाका नाटकातले मुरलेले नट. त्यांना खुनी कोण हे आम्ही सहावा भाग ध्वनिमुद्रित होईपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्या भागात ते निखळ मायेनं श्रीखंडाचं प्रमाण वाचतात, कारण त्या दिवशी त्यांच्यासाठी ती माया होती. कळल्यावर ते म्हणाले, “मग दुसरा भाग पुन्हा करू या की, मी त्या सुपारीवर जरा काहीतरी ठेवतो.” आम्ही नाही म्हणालो. अजून भेटले की पोहे खातात, जिलेबी खातात, पण त्या विषयावर थोडे रुसलेलेच असतात.